फिटिंगच्या प्रीव्ह्यूसाठी फोटो कसा काढाल

प्रिय सायलीताई,

गाऊनच्या व्हर्च्युअल फिटिंगसाठी तुम्ही पाठवलेला फोटो मिळाला. फोटो छान आलाय, पण प्रीव्ह्यूसाठी तो चालणार नाही. तुम्ही तो आरशात बघून काढलाय, त्यामुळे मोबाईल आणि हात नेमके छातीसमोर आलेत, आणि एक कोपर वर गेल्यामुळे तो खांदाही उचललेला दिसतोय. सॉफ्टवेअर फोटोतून खांदे, कोपरं, कंबर, गुडघे, घोटे यांच्या जागा शोधतं आणि त्यावर गाऊन बसवतं. जे झाकलंय ते त्याला अंदाजाने भरावं लागतं, आणि तिथेच सगळं बिघडतं.

म्हणून नवे फोटो घरातल्या कुणाला तरी काढायला सांगा. कुणी नसेल तर मोबाईल स्टुलावर पुस्तकांच्या आधाराने उभा करा आणि दहा सेकंदांचा टायमर लावा. मागचा कॅमेरा वापरा.

सगळ्यात महत्त्वाची आहे ती कॅमेऱ्याची उंची. फोटो काढणारा बहुतेक वेळा मोबाईल स्वतःच्या डोळ्यांसमोर धरतो. मग कॅमेरा वरून खाली बघतो, डोकं आणि खांदे मोठे दिसतात, पाय आखूड होतात. असा फोटो आला की गाऊनची कंबर कुठे येते आणि घेर कुठून सुटतो, हे दोन्ही चुकीचं दिसतं. मोबाईल तुमच्या कंबरेच्या उंचीवर, अगदी सरळ उभा हवा, पुढे-मागे कललेला नको. अंतर अडीच ते तीन मीटर ठेवा. जवळून काढलं तर कॅमेऱ्याच्या जवळचा भाग फुगलेला दिसतो. खोली लहान असली तरी ०.५x वर जाऊ नका, त्यात कडेच्या गोष्टी ताणल्या जातात. त्यापेक्षा दार उघडून मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवा.

डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत सगळं फ्रेममध्ये येऊ द्या, वर-खाली थोडी जागा सोडून. खिडकी तुमच्या समोर हवी, पाठीमागे नको. मागे एकरंगी भिंत असेल तर उत्तम. फक्त कपड्यांचा आणि भिंतीचा रंग एक नको, नाहीतर अंगाची कड कळत नाही.

कपडे अंगाबरोबरचे घाला: साधा टी-शर्ट आणि लेगिंग्ज पुरे. काळा रंग टाळा, त्यात वळणं दिसत नाहीत. आतले कपडे मात्र गाऊनबरोबर जे घालणार आहात तेच असू द्या. त्याने छातीची ठेवण बदलते आणि मुंढ्यापासून कंबरेपर्यंत सगळं वेगळं बसतं. केस वर बांधा, मानेचा आणि खांद्याचा उतार मोकळा दिसायला हवा.

आता उभं कसं राहायचं. पावलांत थोडं अंतर, हात अंगापासून किंचित दूर, कारण हात चिकटलेले असले की बाही आणि कूस एकत्र मिसळतात. आणि ताई, पोट आत ओढू नका. श्वास सोडा आणि रोज जशा उभ्या राहता तशाच उभ्या राहा. तुमचा डावा खांदा थोडा खाली आहे, हे मला मागच्या वेळी माप घेताना दिसलं होतं. तो तसाच येऊ दे. बहुतेकांचे खांदे सारखे नसतात, आणि ते लपवलं तर गाऊन तुमच्यासाठी नाही, फोटोतल्या बाईसाठी शिवला जाईल. ब्युटी फिल्टर आणि पोर्ट्रेट मोड दोन्ही बंद ठेवा. पोर्ट्रेट मोड मागचं धूसर करताना अंगाची कडही खातो.

तीन फोटो लागतील: समोरून, एका बाजूने, पाठीमागून. सोबत तुमची उंची सेंटीमीटरमध्ये, अनवाणी मोजून, नक्की लिहा. फोटोवरून कुणाचीच उंची कळत नाही.

पाठवताना चॅटमध्ये फोटो म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे तो दाबून लहान होणार नाही. काढण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करा. चेहरा झाकायचा असेल तर खुशाल झाका, फक्त डोक्याचा वरचा भाग दिसू द्या. फोटो मी एकटीच बघते, आणि गाऊन तुमच्या हातात दिला की काढून टाकते.

प्रीव्ह्यूमध्ये गळ्याची खोली, बाहीची लांबी, घेर आणि रंग तुम्हाला शोभतो का, हे ठरवता येईल. कापड कुठे ओढलं जाईल, बसल्यावर कंबरेला काचेल का, हे त्यात दिसत नाही. ते टेपचं काम आहे, म्हणून कच्च्या शिवणीवर एक ट्रायल द्यायला या.

बुधवारपर्यंत फोटो आले तर गुरुवारी मी तुम्हाला दोन्ही गळे दाखवीन, चौकोनी आणि बोट नेक. तुमचा होकार आल्याशिवाय कापडाला कात्री लावणार नाही.

तुमची,
मंजिरी