वह्यांच्या स्कॅनमध्ये कापलेले समास व अस्पष्ट पाने : पुन्हा स्कॅनिंग करून मिळण्याबाबत

दिनांक : १४ मार्च २०२५
अमळनेर, जि. जळगाव

प्रति,
मा. व्यवस्थापक,
दस्तऐवज स्कॅनिंग विभाग

संदर्भ : १) आपला-आमचा कामाचा करार, दि. ६ जानेवारी २०२५
२) आपण ३ मार्च रोजी दिलेली हार्ड डिस्क

महोदय,

धरणगावच्या एका कापूस व्यापारी घराण्याच्या सहा वह्या (संवत १९६३ ते १९८२ मधील निवडक वर्षे) आपल्या माणसांनी फेब्रुवारीत वाड्यावर येऊन स्कॅन केल्या. एकूण २,१४० पाने. हार्ड डिस्क हाती आल्यापासून मी प्रत्येक फाइल उघडून मूळ पानाशी ताडून पाहिली. त्यासाठी पाच वेळा धरणगावला जाऊन आले. ३८६ पानांचे समास कापले गेले आहेत, १४३ पाने अस्पष्ट आहेत. ३१ पानांत दोन्ही दोष असल्याने सदोष पाने ४९८ भरतात. फाइलवार यादी सोबत जोडली आहे.

मी ४ मार्चला फोन केला तेव्हा आपल्या कार्यालयातून उत्तर मिळालं, "मजकूर तर वाचता येतोय ना मॅडम, कडेची कोरी जागाच गेलीय." त्या उत्तरामुळेच हे पत्र सविस्तर लिहीत आहे. ती जागा कोरी नाही.

या वह्यांत छापील रकाने नाहीत. पानाला उभ्या घड्या घालून रकाने पाडलेले आहेत आणि डावीकडची पहिली घडी म्हणजे समास. मधल्या भागात नावे-जमा. समासात मात्र मुनीम जे नंतर लिही ते आहे : कुळाचं गाव, जामीन कोण, खतावणीचं पान, रक्कम फिटल्याची खूण. संवत १९७५ ची वही दिवाळी १९१८ ला सुरू होते. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता आणि दिवाळीच्या आधीच्या दोन महिन्यांत इन्फ्लुएंझाने मुंबई इलाख्यात माणसं पटापट नेली होती. मुनिमाने नव्या वहीत जुनी बाकी ओढताना कित्येक नावांसमोर, समासात, बारीक अक्षरात "मयत" लिहिलं आहे. काही ठिकाणी पुढे वारसाचं नाव. आपल्या `V4_0117.tif` मध्ये त्या शब्दाचा फक्त "त" उरला आहे. `V4_0118.tif` ते `V4_0131.tif` मध्ये तोही नाही. कर्जदार गेला आणि कर्ज त्याच्या बायकोच्या किंवा भावाच्या नावावर चढलं, एवढं सांगणारी दुसरी नोंद माझ्या हाती नाही. माझं सगळं काम या समासावर उभं आहे.

किती कापलं गेलं तेही मोजलं आहे. चौथ्या वहीचं पान २१ सेंटिमीटर रुंद आहे. ४०० डीपीआयला त्याची प्रतिमा सुमारे ३,३०७ पिक्सेल रुंद यायला हवी. आपल्या फाइली २,८३० च्या आसपास आहेत, म्हणजे १८ सेंटिमीटर. तीन सेंटिमीटर गेले आणि समास साधारण तेवढाच आहे. पाने आपोआप कापणारी सोय सुरू राहिली असावी असं मला वाटतं. दाट मजकूर तेवढा पान समजून कडेचा तपकिरी पडलेला कागद तिने पार्श्वभूमी धरला असणार. करारात मात्र "प्रतिमेत पानाच्या चारही बाजूंनी किमान १ सेंटिमीटर पार्श्वभूमी दिसावी, कोणतीही कापाकापी करू नये" असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्याकडे न कापलेल्या मूळ प्रतिमा शिल्लक असतील तर हे काम वाड्यावर न जाताही सुटेल, म्हणून आधी त्या शोधाव्यात. सापडेपर्यंत कॅमेऱ्याची कार्डं आणि संगणकावरच्या फाइली कृपया कोणी पुसू नयेत.

अस्पष्ट पानांचं दुखणं वेगळं आहे. काहींत शिवणीजवळचा तेवढाच भाग धूसर आहे. तिथे पान उचललेलं राहतं आणि कॅमेऱ्याचा फोकस बाहेरच्या सपाट भागावर लावलेला होता. हे समजू शकते. पण सहाव्या वहीतली सलग ३८ पाने संपूर्ण हललेली आहेत, प्रत्येक रेघ दोनदा दिसते. त्या फाइलींतली वेळ पाहिली तर ही ३८ पाने २० फेब्रुवारीच्या संध्याकाळी जेमतेम दोन मिनिटांत घेतली आहेत, म्हणजे पानाला तीन सेकंद. त्याच दिवशी सकाळी पानाला दहा-बारा सेकंद लागत होते. पान टेकण्याआधीच बटण दाबलं गेलं.

८ मार्चला आपण अस्पष्ट पानांतली ४० पाने "धारदार करून" पुन्हा पाठवलीत. ती मी स्वीकारू शकत नाही. हिशेबात पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. १॥ आणि १॥। यांत चार आण्यांचा फरक आहे. हललेल्या प्रतिमेत दोन रेघांच्या तीन-चार होतात आणि धारदार केल्यावर त्या खोट्या रेघा खऱ्यापेक्षा ठळक होतात. मोडी वाचणाऱ्याला धूसर पान कळतं, तो थांबतो. असं पान मात्र त्याला फसवतं. म्हणून कोणतीही दुरुस्ती केलेली प्रतिमा नको, नव्याने घेतलेली हवी.

तिसरी आणि पाचवी वही आपल्या माणसांनी फार नीट केली आहे, हेही लिहायला हवं. रंग खरे आहेत, मोजपट्टी प्रत्येक वहीच्या सुरुवातीला आहे, शिवणीतलं अक्षरही वाचता येतं. ज्या मुलाने त्या दोन वह्या हाताळल्या त्यालाच पुन्हा पाठवावं, ही विनंती.

वह्या वाड्याबाहेर जाणार नाहीत. त्या घरातल्या ८१ वर्षांच्या आजींनी लाल खारव्यात बांधून, कडुनिंबाचा पाला घालून त्या आजवर जपल्या. स्कॅनिंगसाठी एकदाच उघडायच्या या बोलीवर त्यांनी त्या दिल्या होत्या. दुसऱ्यांदा उघडू द्या, हे मला त्यांच्यासमोर बसून मागावं लागलं. त्या हो म्हणाल्या आहेत, पण आखाजीच्या आत. ३० एप्रिलला आखाजी आहे आणि त्याआधीच लेकी-नातवंडांनी वाडा भरतो. शिवाय एप्रिलच्या दुपारी कोरड्या हवेत हा कागद कडक होतो, घडीवर तुटतो. म्हणून काम १० एप्रिलपूर्वी, सकाळी ७ ते ११ याच वेळेत व्हावं. मी स्वतः शेजारी बसून प्रत्येक पन्नास पानांनंतर प्रतिमा तपासेन.

दर पानाला ९ रुपये, एकूण १९,२६० रुपये ठरले होते. त्यातले निम्मे, ९,६३० रुपये, मी आगाऊ दिले आहेत. उरलेली रक्कम ४९८ पाने करारानुसार मिळाल्यावर त्याच दिवशी देईन. पुन्हा स्कॅनिंगचा आणि येण्या-जाण्याचा वेगळा खर्च मी देणार नाही. मूळ प्रतिमा शिल्लक आहेत की नाहीत आणि माणूस कोणत्या तारखेला येईल, हे २१ मार्चपर्यंत लेखी कळवावं. तसं न झाल्यास दिलेली रक्कम परत मागून मला हे काम दुसऱ्याकडे सोपवावं लागेल.

आपली,
वैशाली चौधरी
संशोधक, अमळनेर

सोबत : सदोष पानांची फाइलवार यादी, कराराची प्रत, चौथ्या वहीतल्या पाच पानांचे मोजपट्टीसह मी काढलेले फोटो