प्रश्न ४ चे नमुना उत्तर: दर्शनाच्या टोकन-रांगेसाठी डेटा स्ट्रक्चर

(द्वितीय वर्ष संगणक अभियांत्रिकी, अंतर्गत परीक्षा, विषय: डेटा स्ट्रक्चर्स, गुण १०)

प्रश्न

एका देवस्थानात दर्शनासाठी दिवसाला जास्तीत जास्त १,००,००० टोकने दिली जातात. टोकनाचे क्रमांक १ पासून ओळीने वाढत जातात आणि रोज पहाटे पुन्हा १ पासून सुरू होतात. दिवसभरात सुमारे ८,००० भाविक आपले टोकन मोबाइलवरून रद्द करतात. ते रांगेत कुठेही असू शकतात. उरलेल्यांना क्रमाने आत सोडले जाते. 'माझ्या पुढे अजून किती जण आहेत?' ही चौकशी दिवसाला सुमारे ६,००,००० वेळा होते आणि त्या क्षणी चौकशी करणाऱ्याच्या पुढे सरासरी २०,००० जण असतात.

(अ) या प्रणालीसाठी योग्य डेटा स्ट्रक्चर निवडा आणि निवडीची कारणे द्या. (७ गुण)

(ब) भाविकांचे तीन प्राधान्य-स्तर केले आणि वरच्या स्तरातील भाविकाला खालच्या स्तरातील सर्वांच्या आधी सोडायचे ठरवले, तर तुमच्या निवडीत काय बदल कराल? (३ गुण)

उत्तर (अ)

प्रश्नात 'रांग' हा शब्द आल्याबरोबर क्यू असे उत्तर लिहिण्याचा मोह होतो, आणि पेपर तपासताना निम्म्याहून अधिक उत्तरे तिथेच थांबलेली दिसली. परंतु डेटा स्ट्रक्चरची निवड गोष्टीच्या नावावरून होत नाही. तिच्यावर कोणत्या क्रिया करायच्या आहेत आणि त्या किती वेळा करायच्या आहेत, यावरून होते. म्हणून प्रथम क्रिया मोजू. टोकन देणे ही क्रिया दिवसाला १,००,००० वेळा होते. टोकन रांगेतून निघून जाणे हीसुद्धा एकूण १,००,००० वेळाच होते, त्यांपैकी ९२,००० वेळा दर्शनासाठी सोडल्यामुळे आणि ८,००० वेळा रद्द झाल्यामुळे. चौकशी मात्र ६,००,००० वेळा होते. म्हणजे ही प्रणाली मुख्यतः मोजणी करणारी आहे आणि रांग चालवणे हे तिचे दुय्यम काम आहे. हे एकदा ओळखले की पुढचा युक्तिवाद सरळ होतो.

साध्या क्यूमध्ये शेवटी भर घालणे आणि पुढून काढणे या दोन्ही क्रिया O(1) मध्ये होतात, पण मधले टोकन काढण्याची सोय तिच्या व्याख्येतच नाही. ही उणीव दुहेरी लिंक्ड लिस्टने भरून निघते: टोकनाच्या नोडचा पत्ता जवळ ठेवला, तर मधला नोड O(1) मध्ये सुटा करता येतो. अडचण चौकशीची आहे. लिंक्ड लिस्टमध्ये 'पुढे किती' हे सांगण्यासाठी एकेक नोड मोजत जाण्यावाचून गत्यंतर नाही, आणि दिलेल्या आकड्यांनुसार दिवसाचा खर्च ६,००,००० × २०,००० म्हणजे १,२०० कोटी पावले इतका येतो. जी क्रिया सर्वांत जास्त वेळा होते तीच येथे सर्वांत महाग आहे. लिंक्ड लिस्ट नाकारण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

नोडचा पत्ता जवळ ठेवण्यासाठी अनेकांनी हॅश टेबल सुचवले आहे. ते चूक नाही, पण अनावश्यक आहे. टोकनाचे क्रमांक १ ते १,००,००० असे सलग आहेत, त्यामुळे क्रमांक हाच अ‍ॅरेचा इंडेक्स म्हणून थेट वापरता येतो. ओळख पटवण्यासाठी दहा अंकी मोबाइल क्रमांक वापरला असता तर थेट इंडेक्ससाठी १,००० कोटी जागा लागल्या असत्या आणि तेव्हा हॅश टेबलला पर्याय नव्हता. प्रश्नातील 'ओळीने' हा एक शब्द ही सारी यातायात वाचवतो.

आता अ‍ॅरेचा विचार करू. प्रत्येक क्रमांकापर्यंत किती टोकने जिवंत आहेत, म्हणजे रांगेत अजून उभी आहेत, याची संचयी बेरीज अ‍ॅरेमध्ये ठेवली, तर चौकशी फक्त एका वजाबाकीत, O(1) मध्ये होते. दर्शनासाठी सोडताना रांगेचे तोंड तेवढे पुढे सरकते, त्यामुळे तिथेही खर्च नाही. मात्र एखादे टोकन रद्द झाले की त्याच्यानंतरच्या सर्व बेरजा एकने कमी कराव्या लागतात, म्हणजे जास्तीत जास्त ८,००० × १,००,००० = ८० कोटी बदल. हा पर्याय सहसा कोणी लिहीत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. ८० कोटी साध्या बेरजा आजचा संगणक दिवसभरात लीलया करील, त्यामुळे हे उत्तर आकडेमोडीसह लिहिणाऱ्यास मी पाच गुण दिले आहेत. तरीही यापेक्षा चांगली सोय उपलब्ध आहे.

ती सोय म्हणजे फेनविक ट्री. पीटर फेनविक यांनी १९९४ मध्ये संचयी वारंवारतेच्या कोष्टकांसाठी ही रचना मांडली. दिसायला ती साधा अ‍ॅरेच असते, पण तिच्या प्रत्येक घरात एका ठरावीक लांबीच्या तुकड्याची बेरीज असते आणि ती लांबी इंडेक्सच्या बायनरी रूपातील सर्वांत उजवीकडच्या १ वरून ठरते. बदल आणि बेरीज या दोन्ही क्रिया O(log n) मध्ये होतात.

```
void badal(int i, int d) {
    for (; i <= N; i += i & -i)
        F[i] += d;
}
int pudhe(int t) {
    int s = 0;
    for (int i = t - 1; i > 0; i -= i & -i)
        s += F[i];
    return s;
}
```

टोकन t दिले की `badal(t, 1)` आणि ते सोडले किंवा रद्द झाले की `badal(t, -1)` असे बोलवायचे. आठ टोकनांच्या छोट्या रांगेवर हे पडताळून पाहू. १ आणि २ आत गेले आहेत, ५ रद्द झाले आहे; म्हणजे ३, ४, ६, ७ आणि ८ जिवंत आहेत. या स्थितीत F च्या आठ घरांत अनुक्रमे ०, ०, १, २, ०, १, १, ५ या संख्या असतात. सातव्या क्रमांकाच्या भाविकाने चौकशी केली की `pudhe(7)` प्रथम F[6] मधील १ घेते, मग ६ मधून २ वजा होऊन ४ उरतात म्हणून F[4] मधील २ घेते आणि तिथे थांबते. उत्तर ३ येते, आणि ३, ४, ६ हे तीनच जण खरोखर त्याच्या पुढे आहेत. टोकन ५ रद्द झाले तेव्हाही फक्त F[5], F[6] आणि F[8] या तीन घरांना हात लागला होता.

n = १,००,००० असताना एका क्रियेला जास्तीत जास्त १७ पावले लागतात. दिवसाला २,००,००० बदल आणि ६,००,००० चौकशा, म्हणजे एकूण ८,००,००० × १७ = १ कोटी ३६ लाख पावले. लिंक्ड लिस्टच्या १,२०० कोटींशेजारी आणि संचयी अ‍ॅरेच्या ८० कोटींशेजारी हा आकडा ठेवला की निवडीचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

फेनविक ट्रीसोबत प्रत्येक टोकनाची स्थिती नोंदवणारा एक बाइटचा अ‍ॅरे ठेवणे आवश्यक आहे. भाविकाने 'रद्द' हे बटण घाईत दोनदा दाबले तर `badal` दोनदा चालेल आणि त्याच्या मागच्या सर्वांना एक आकडा कमी दिसेल. स्थिती आधी तपासली तर हे टळते. पुढचा भाविक शोधताना याच अ‍ॅरेवरून रद्द टोकने ओलांडत तोंड पुढे न्यायचे. एखाद्या वेळी सलग पन्नास टोकने ओलांडावी लागली तरी तोंड कधीच मागे येत नसल्यामुळे दिवसभरात ते एकूण १,००,००० पावलांपेक्षा जास्त सरकत नाही, म्हणून सरासरी खर्च O(1) धरता येतो. दोन्ही अ‍ॅरे मिळून सुमारे ५ लाख बाइट लागतात.

फेनविक ट्री सर्वांच्या अभ्यासक्रमात असतेच असे नाही. ज्यांनी एव्हीएल ट्री निवडून प्रत्येक नोडमध्ये त्याच्या उपवृक्षातील नोडची संख्या ठेवली आणि रोटेशनच्या वेळी ती संख्या दुरुस्त करावी लागते हेही नमूद केले, त्यांनाही पूर्ण सात गुण आहेत, कारण क्रियांचा खर्च तिथेही O(log n) आहे. नुसते 'बायनरी सर्च ट्री' लिहिणाऱ्यांनी मात्र टोकने चढत्या क्रमाने येतात याकडे दुर्लक्ष केले आहे. चढत्या क्रमाने भरलेले असंतुलित ट्री उजवीकडे कललेली सरळ साखळीच होते, म्हणजे आपण नाकारलेली लिंक्ड लिस्टच पुन्हा दारात येऊन उभी राहते.

उत्तर (ब)

'प्राधान्य' म्हटले की हीप हे समीकरण येथे अपुरे ठरते. हीपमधून सर्वांत वरचा घटक O(log n) मध्ये काढता येतो, पण हीप पूर्णपणे क्रमाने लावलेला नसतो: पालक मुलाच्या आधीचा असतो, एवढीच हमी तो देतो, भावंडांमधील क्रमाबद्दल काहीच सांगत नाही. त्यामुळे 'माझ्या पुढे किती' या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हीपमध्ये त्याच्या पुढे असलेला प्रत्येक घटक तपासावा लागेल, आणि चौकशीची संख्या तर कमी झालेली नाही.

स्तर तीनच आणि ठरलेले असल्यामुळे प्रत्येक स्तरासाठी एक अशा तीन फेनविक ट्री ठेवाव्यात. टोकनाचे क्रमांक पूर्वीप्रमाणे सामाईकच राहतील. एखाद्या भाविकाच्या पुढे किती जण आहेत, हे त्याच्या वरच्या स्तरांतील सर्व जिवंत टोकनांची संख्या आणि त्याच्या स्वतःच्या स्तरातील `pudhe(t)` यांच्या बेरजेइतके असते. वरच्या स्तरांची संख्या वेगळ्या चलांत ठेवली की खर्च O(log n) च राहतो. प्राधान्य ठरावीक स्तरांऐवजी वय किंवा अन्य बदलत्या निकषावर ठरत असते, तर इंडेक्सचा आधार सुटला असता आणि (प्राधान्य, क्रमांक) या जोडीवर लावलेले एव्हीएल ट्री घ्यावे लागले असते.

रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या भाविकाला भोवळ आली आणि त्याला खालच्या स्तरातून वरच्या स्तरात घ्यायचे ठरले, तर जुन्या ट्रीमध्ये -१ आणि नव्या ट्रीमध्ये +१ असे दोन बदल पुरतात. येथे एका बारकाव्याकडे लक्ष हवे: वरच्या स्तराचे तोंड त्या क्रमांकाच्या पुढे निघून गेलेले असू शकते. ते तोंड मागे आणून त्या क्रमांकावर न ठेवल्यास तो भाविक मोजणीत दिसत राहील, पण त्याला कोणी बोलावणारच नाही. तोंड मागे येऊ लागले की (अ) मधील 'एकूण १,००,००० पावले' हा हिशेबही लागू राहत नाही. त्या परिस्थितीत पहिले जिवंत टोकन फेनविक ट्रीमध्येच वरून खाली शोधावे, म्हणजे खर्च पुन्हा १७ पावलांच्या आत बसतो.