बँक लिपिक पूर्वपरीक्षा गट: तोंडी आकडेमोडीचे साप्ताहिक वेळापत्रक

बँक लिपिक पूर्वपरीक्षेत गणिताच्या ३५ प्रश्नांसाठी २० मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला साधारण ३४ सेकंद येतात, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. प्रश्न वाचून रीत ठरवण्यातच यातला निम्मा वेळ जातो. त्यामुळे उरलेल्या वेळात १७ × ८ साठी पेन उचलावे लागत असेल, तर रीत येत असूनही प्रश्न हातून निसटतो. म्हणून गटातील प्रत्येकाने पुढील वेळापत्रक रोज सकाळी २५ मिनिटे पाळावे. पहिले दोन आठवडे घड्याळ लावू नये, कारण चुकीची सवय वेगाने घटवली की ती मोडायला दुप्पट श्रम पडतात.

सोमवारी पाढे घ्यावेत. ३० पर्यंतचे पाढे मोठ्याने म्हणावेत, पण सरळ म्हणण्यावर समाधान मानू नये. जोडीदाराने मधूनच 'सतरा आठे?', 'तेवीस साते?' असे विचारावे आणि विचार न करता १३६, १६१ अशी उत्तरे यावीत. ज्यांचे पाढे मराठीतून पाठ झाले आहेत, त्यांनी ते मराठीतूनच म्हणावेत.

मंगळवार आणि बुधवार हे दोन्ही दिवस अपूर्णांक व शेकडेवारीसाठी राखून ठेवले आहेत, कारण नफा-तोटा, व्याज आणि तक्त्यांवरील प्रश्नांतली बरीच आकडेमोड तिथेच अडते. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतील अनेकांना शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी पाठ करावी लागत असे. ती आपल्याला आजही जशीच्या तशी उपयोगी आहे. ७५ टक्के म्हणजे पाऊणकी आणि १२५ टक्के म्हणजे सवायकी. ६८ चे ७५ टक्के काढताना ६८ ला ७५ ने गुणू नये. निम्मे ३४, त्याचे निम्मे १७, दोन्ही मिळून ५१. यानंतर एक सप्तमांश म्हणजे १४.२८, एक अष्टमांश म्हणजे १२.५, एक नवमांश म्हणजे ११.११, एक एकादशांश म्हणजे ९.०९ आणि एक षोडशांश म्हणजे ६.२५ टक्के, ही यादी दोन्ही बाजूंनी पाठ करावी. ३७.५ टक्के दिसताच तीन अष्टमांश आठवले, तर १४४० चे ३७.५ टक्के काढायला १८० ची तिप्पट पुरते: ५४०. बुधवारी अशी वीस उदाहरणे कच्चा कागद न वापरता सोडवावीत.

गुरुवारी बेरीज डावीकडून उजवीकडे करण्याचा सराव आहे. ४८७ + ३६८ + २५९ या बेरजेत आधी शतके ९००, मग दशके मिळवून १०९०, शेवटी एकक २४, म्हणजे १११४. हातचा लक्षात ठेवावा लागत नाही आणि उत्तराचा अंदाज पहिल्या पायरीलाच येतो, त्यामुळे पर्याय लांब लांब असतील तर पुढे जाण्याचीही गरज उरत नाही.

शुक्रवारी गुणाकार आणि वर्ग आहेत. ६४ × ३७ करताना ६४ च्या चाळीसपटीतून तिप्पट वजा करावी: २५६० − १९२ = २३६८. ५० च्या जवळच्या संख्येच्या वर्गासाठी २५ मध्ये फरक मिळवावा किंवा त्यातून वजा करावा आणि पुढे फरकाचा वर्ग दोन अंकी लिहावा. ४७ साठी २२ आणि ०९, म्हणजे २२०९. उत्तर आले की नवाचा ताळा पाहावा. ६४ चा १, ३७ चा १ आणि २३६८ चाही १, म्हणून ताळा जुळला. मात्र अंकांची अदलाबदल झालेली चूक या ताळ्यात सापडत नाही, हे ध्यानात ठेवावे.

शनिवारी फक्त अपूर्णांकांची तुलना करावी. १७/४३ मोठा की २३/५७, हे भागाकार करून पाहू नये. तिरकस गुणाकाराने ९६९ आणि ९८९ मिळतात, म्हणून दुसरा मोठा.

रविवारी सकाळी ठीक ९ वाजता सर्वांनी ३५ प्रश्नांची चाचणी २० मिनिटांत द्यावी. तिसऱ्या आठवड्यापासून वेळ काटेकोर पाळला जाईल. त्यानंतरचा अर्धा तास गुण मोजण्यापेक्षा महत्त्वाचा आहे. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर वहीत कारण लिहावे: पाढा आठवला नाही, हातचा राहिला, रीत सुचली नाही की प्रश्नच घाईने वाचला. 'रीत सुचली नाही' असे कारण असलेले प्रश्न संध्याकाळी गटात चर्चेला घ्यावेत. पाढ्याच्या चुका दुसऱ्या दिवशी, सोमवारी, जोडीदाराने सर्वांत आधी विचाराव्यात.