सोनटक्का, तळेगाव स्टेशन: 1 आणि 2 बीएचके घरे

आमच्या विक्री कार्यालयात आईवडील आणि मुलं एकत्र येतात. इंग्रजी माहितीपुस्तिका मुलांच्या हातात जाते आणि आयुष्यभराची पुंजी ज्यांची लागणार असते ते बाजूला बसून राहतात. हा मराठी मजकूर त्यांच्यासाठी आहे. इंग्रजी पुस्तिकेत जेवढं कार्पेट, ज्या सुविधा आणि ज्या टप्प्याला जो हप्ता लिहिला आहे, तेच इथे आहे. साठेखतातही हेच आकडे येतील. वाचताना कुठे फरक दिसला तर आम्हाला दाखवा आणि तो दुरुस्त होईपर्यंत सही करू नका.

जागा

तळेगाव दाभाडे, स्टेशन भाग. रेल्वे स्टेशन 1.2 किलोमीटरवर, चालत साधारण पंधरा मिनिटं. पुणे-लोणावळा लोकल इथे थांबते. जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि चाकणचा रस्ता दोन्ही जवळ असल्याने चाकण आणि तळेगाव एमआयडीसीत नोकरी असणाऱ्यांना सोयीचं. पावसाळ्यात इथे झड लागते, म्हणून सगळ्या खिडक्यांवर 45 सेंटिमीटरचे छज्जे दिले आहेत आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून दोन थरांचं प्लास्टर आहे.

एकच इमारत. खाली पार्किंग, वर सात मजले, मजल्यावर चार घरं: दोन 2 बीएचके, दोन 1 बीएचके. एकूण 28.

कार्पेट एरिया, म्हणजे चटई क्षेत्र

2 बीएचके: 58.60 चौरस मीटर (631 चौरस फूट)
जोडून बाल्कनी: 5.10 चौरस मीटर (55 चौरस फूट)
ड्राय बाल्कनी: 2.30 चौरस मीटर (25 चौरस फूट)

1 बीएचके: 41.20 चौरस मीटर (443 चौरस फूट)
जोडून बाल्कनी: 3.80 चौरस मीटर (41 चौरस फूट)
ड्राय बाल्कनी: 1.70 चौरस मीटर (18 चौरस फूट)

बाल्कनी वेगळी का लिहिली? रेरा कायदा, 2016 प्रमाणे कार्पेट म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. घरातल्या आतल्या भिंतींची जाडी त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. म्हणून 631 मध्ये 55 आणि 25 मिळवून "711 फुटांचं घर" असं आम्ही कुठेही म्हणणार नाही. जिना, लिफ्ट आणि लॉबीचा वाटा चढवून फुगवलेला "बिल्ट-अप" किंवा "सेलेबल" आकडाही या पुस्तिकेत नाही.

2 बीएचकेच्या खोल्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत:
हॉल 3.05 × 4.88 मीटर
स्वयंपाकघर 2.44 × 2.90 मीटर
मोठी बेडरूम 3.05 × 3.96 मीटर
दुसरी बेडरूम 3.05 × 3.66 मीटर
दोन्ही बाथरूम 1.37 × 2.13 मीटर

पलंग आणि कपाट कसं बसेल ते याच मापांवर पाहा. नमुना घरातलं फर्निचर तुमच्या घरात मिळणार नाही.

घरात काय मिळेल

600 × 600 मिलिमीटरच्या व्हिट्रिफाइड फरश्या. बाथरूम आणि बाल्कनीत न घसरणाऱ्या. स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचं सिंक, ओट्यावर 60 सेंटिमीटरपर्यंत टाइल्स. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी नळ, प्लग आणि निचरा. खिडक्यांना तीन ट्रॅकची सरकती अ‍ॅल्युमिनियम तावदानं, त्यातला एक ट्रॅक मच्छरजाळीचा. लपवलेली तांब्याची वायरिंग. मोठ्या बेडरूममध्ये एसीचा पॉइंट आहे, एसी नाही.

इमारतीतल्या सुविधा

दोन लिफ्ट, त्यातली एक स्ट्रेचर मावेल एवढी. दोन्हींना वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर थांबून दार उघडणारी यंत्रणा. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे जनरेटरवर चालतील. घरातली वीज चालणार नाही. सोलरचं गरम पाणी प्रत्येक घरात एकाच बाथरूमला, सकाळी. गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरवेलच्या शोषखड्ड्यात सोडलं आहे. ओल्या कचऱ्याचा खतखड्डा, मुलांना खेळायला मोकळी जागा, ज्येष्ठांसाठी सावलीत कट्टा, प्रवेशद्वारी आणि पार्किंगमध्ये सीसीटीव्ही.

जलतरण तलाव, जिम आणि क्लबहाऊस या प्रकल्पात नाहीत. पुढच्या टप्प्यात होतील असंही नाही, कारण पुढचा टप्पाच नाही.

किंमत

2 बीएचके: ₹48,00,000. 1 बीएचके: ₹33,00,000. प्रत्येक घराला इमारतीखालचं एक झाकलेलं पार्किंग यात आलं. मजल्यानुसार जादा दर नाही.

यावर जीएसटी वेगळा: 2 बीएचकेला 5 टक्के, 1 बीएचकेला 1 टक्का. 45 लाखांच्या आतल्या, लहान क्षेत्राच्या घरांना 1 टक्क्याची सवलत आहे. आमचं 2 बीएचके क्षेत्रात बसतं, पण किमतीत बसत नाही. मुद्रांक शुल्क आणि दस्त नोंदणी सरकारी दराने. सोसायटी स्थापनेसाठी ₹15,000. ताबा घेताना 24 महिन्यांचा देखभाल खर्च आगाऊ, 2 बीएचकेला ₹48,000 आणि 1 बीएचकेला ₹36,000. महावितरणचं मीटर पावतीप्रमाणे.

हप्ते (2 बीएचके, ₹48,00,000)

| टप्पा | टक्के | रक्कम |
|---|---|---|
| बुकिंग | 10 | ₹4,80,000 |
| साठेखत नोंदल्यावर | 20 | ₹9,60,000 |
| जोतं पूर्ण | 15 | ₹7,20,000 |
| आठ स्लॅब, प्रत्येकी ₹1,50,000 | 25 | ₹12,00,000 |
| भिंती, आतलं प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या | 5 | ₹2,40,000 |
| सॅनिटरी सामान, जिने, लिफ्टची विहीर, लॉबी | 5 | ₹2,40,000 |
| बाहेरचं प्लंबिंग आणि प्लास्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग | 5 | ₹2,40,000 |
| लिफ्ट, पंप, वीजजोडणी, प्रवेश लॉबी, आवारातली फरसबंदी | 10 | ₹4,80,000 |
| भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर ताबा | 5 | ₹2,40,000 |

1 बीएचकेला टक्के हेच. साठेखत नोंदवण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला कायद्याने मनाई आहे. आमच्या कार्यालयात कुणी मागितली तर देऊ नका. प्रत्येक हप्त्याच्या मागणीपत्राला तो टप्पा पूर्ण झाल्याचं आर्किटेक्टचं प्रमाणपत्र जोडलेलं असेल. ते नसेल तर हप्ता देय झाला नाही असं समजा.

ताबा: 31 डिसेंबर 2027, महारेराकडे नोंदवलेली तारीख हीच. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो कळवल्यापासून 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणं कायद्याने आमच्यावर आहे. महारेरा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड मुखपृष्ठावर आहे. तो मोबाइलने स्कॅन करून मंजूर नकाशे आणि कामाची प्रगती स्वतः पाहा.

विक्रीस उपलब्ध: फ्लॅट 503

तळेगाव स्टेशन, सोनटक्का, पाचवा मजला. 2 बीएचके, पूर्वेकडे दार. कार्पेट 58.60 चौरस मीटर (631 चौरस फूट). बाल्कनी 55 आणि ड्राय बाल्कनी 25 चौरस फूट वेगळी. झाकलेलं पार्किंग एक. किंमत ₹48,00,000, जीएसटी 5 टक्के वेगळा.

जोतं आणि तीन स्लॅब झाले आहेत. त्यामुळे आज बुकिंग करणाऱ्याला ₹4,80,000 भरून, साठेखत नोंदल्यावर झालेल्या टप्प्यांसह ₹21,30,000 एकदम द्यावे लागतील. म्हणजे सुरुवातीलाच एकूण ₹26,10,000, शिवाय त्यावरचा जीएसटी. उरलेले ₹21,90,000 पुढच्या टप्प्यांना. कर्ज घेणार असाल तर बँकेकडे हा आकडा आधी दाखवा.

साइट रोज सकाळी 10 ते संध्याकाळी 6, बुधवारी बंद. हेल्मेट गेटवर मिळेल. येताना मोजपट्टी आणा. पहिल्या मजल्यावरचं 103 तयार भिंतींसह उघडं ठेवलं आहे आणि त्याचा नकाशा 503 सारखाच आहे.