इंदूरच्या रामबागेतल्या २६ वर्षांच्या मला

अरे गाढवा,

हे पत्र १९९४ मधल्या तुला आहे, म्हणजे मलाच. मी आता ५८ चा आहे आणि परवा रविवारी ५० किलोमीटर धावून आलोय. हो, पन्नास. मॅरेथॉन ४२.१९५ ची असते आणि त्याच्या पुढे गेलं की त्याला अल्ट्रा म्हणतात, हे तुला ठाऊक नाही, कारण नेहरू स्टेडियमला चकरा मारणाऱ्या तुम्हा चौघांना दहा किलोमीटरच्या पुढे जग आहे हेच कुणी सांगितलेलं नाही.

तुझी ती दहाची रेस आठवते ना? नसेल आठवत, कारण तू ती विसरायचं ठरवलंस. सातव्या किलोमीटरला श्वास संपला, दोन मिनिटं चाललास, फुटपाथवरचं कुणीतरी "क्यूं भिया, हो गया?" म्हणालं आणि तू सरळ गल्लीत वळून घरी आलास. आईला सांगितलंस की रेस कॅन्सल झाली. तीन किलोमीटर उरले होते रे, चालत गेला असतास तरी अर्ध्या तासात संपलं असतं, पण "चाललो म्हणजे हरलो" हे डोक्यात जे बसलं ते पुढे वीसेक वर्षं निघालं नाही. किती हाफ, किती फुल मॅरेथॉन मी त्या एका वाक्यापायी बिघडवल्या, पहिले पंधरा किलोमीटर छाती काढून पळायचं आणि मग शेवटचे दहा रडत.

परवा मी चाललो. सिमरोलच्या पुढे चोरलकडचे गावातले रस्ते, पहाटे पाचला स्टार्ट, जानेवारीची थंडी, डोक्याला टॉर्च. पहिल्याच चढाला पुढचे सगळे चालायला लागले, चांगले पळणारे सुद्धा, आणि मी मूर्खासारखा त्यांना ओलांडून पळत वर गेलो, म्हणजे तूच गेलास म्हणायचं. दुसऱ्या चढाला अक्कल आली. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स म्हणून रेस आहे, १९२१ पासूनची, नव्वदच्या आसपास किलोमीटर, १२ तासांची मुदत, आणि तिथेही लोक चढावर चालतात. उतारावर मात्र मांड्यांनी सूड घेतला. चढाला दम लागतो पण पाय फुटतात ते उतारावर, प्रत्येक पावलाला मांडी ब्रेक लावत असते ना, हे मला ३० व्या किलोमीटरला नीट कळलं.

खाण्याचं सांगतो, हे महत्त्वाचं. नुसतं पाणी ढोसत बसू नकोस. तासन्‌तास घाम जातो त्यात मीठ जातं आणि वर साधं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम इतकं खाली येऊ शकतं की माणूस भ्रमिष्टासारखा करतो, प्रसंगी जीवावर बेततं. सगळ्यांकडे एनर्जी जेलची पाकिटं होती, माझ्याकडेही होती, पण ३४ ला ते गोड चिकट घशाखाली उतरेना. मग खिशातली पुडी काढली, उकडलेला बटाटा आणि वर जिरावन. शेजारी पुण्याचा एक पोरगा होता, त्याला दिलं तर म्हणाला काका हे काय भारी आहे. पोह्यांवरचं आहे म्हटलं, इंदूरला ये.

३८ ते ४४ मात्र वाईट गेले. ऊन चढलं, मांडीच्या आत घासून सालटं निघालं (व्हॅसलीन लाव रे, लाजू नकोस), आणि बाजूने आमच्या बरोबरीच्या लोकांना घेऊन एक गाडी हळूहळू चाललेली. थांबलेल्यांना ती उचलत होती. ड्रायव्हरने माझ्याकडे बघून दार उघडलं. काही बोलला नाही बिचारा, नुसतं उघडलं, आणि मला एकदम ती गल्ली दिसली. मी हात हलवून नको म्हटलं आणि चालत राहिलो, लाइटच्या एका खांबापर्यंत चालणं, पुढच्यापर्यंत पळणं, मग परत चालणं. सात तास बावन्न मिनिटं. मुदत नऊची होती. फोटोत मी भयंकर दिसतोय.

रात्री घरी आलो तेव्हा आई जागीच होती, ८१ ची आहे आता, कान गेलेत पण बाकी सगळं जागेवर. मेडल तिच्या हातात दिलं आणि का कोण जाणे, सांगून टाकलं, की आई ९४ ची ती रेस कॅन्सल झाली नव्हती, मीच सोडून आलो होतो.

"माहितीये," म्हणाली. "मी राजवाड्यावर उभी होते ना, दोन तास. सगळी पोरं आली. तू नाही आलास."

मी काय बोलणार. तिने मेडल उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, हे पितळेचं आहे का.

असो. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, जाईल बहुतेक. खाली पोहेवाला आलाय, हाक मारतोय, आणि मला जिना उतरायचाय. दोन दिवस झाले, उलटाच उतरतोय, कठडा धरून.

तुझाच,
मी

ता. क. तिला राजवाड्यावर उभं राहायला सांगू नकोस, पाय दुखतात तिचे. किंवा सांग, पण मग जा तिथपर्यंत.