निखिल, समूसाठी लॅपटॉप कोणता घेऊ?

निखिल, हा मेसेज निवांत वाच. ऑफिसात असशील तर आता उघडूच नको, रात्री जेवण झाल्यावर बघ. फोनवर तू "आत्या, स्पेसिफिकेशन पाठव" म्हणतोस आणि मला ते तोंडी सांगता येत नाही, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

समूचा कोडिंगचा क्लास १ तारखेपासून आहे, प्रताप कॉलेजच्या रस्त्याला. सर पुण्यात नोकरी करून गावी परतलेत, शिकवतात चांगलं असं पहिल्या बॅचच्या आया सांगतात. आधी स्क्रॅच, मग पायथन, उन्हाळ्याच्या सुट्टीत एचटीएमएल शिकवून प्रत्येकाला स्वतःचं वेबपेज करायला लावणार. तिथे सहा कॉम्प्युटर आणि चौदा मुलं, म्हणून ज्याला जमेल त्याने स्वतःचा लॅपटॉप आणावा असं म्हणणं आहे. इथपर्यंत पटलं. पण सोबत जो कागद दिलाय त्यावर आय सेव्हन, १६ जीबी रॅम आणि वर ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड! अरे, ती आठवीत आहे. स्क्रॅच तर तिने आमच्या पतसंस्थेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर नुसत्या ब्राउझरमध्ये चालवून दाखवलं. त्या ग्राफिक्स कार्डाचं पायथनला काय काम? दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, ते गेम आणि व्हिडिओ एडिटिंगला लागतं. मला वाटतं तो कागद मोठ्या मुलांच्या बॅचचा असावा. आपल्याला ते कार्ड नकोच ना, एवढं आधी सांग, म्हणजे साठ-सत्तर हजारांचा विषय तिथेच मिटेल.

पैशाचं सांगते. पहिल्या वेचणीचा कापूस विकलाय, त्यातले चाळीस बाजूला ठेवलेत. माझ्या भिशीचे पाच घातले तर पंचेचाळीस. त्याच्यावर एक रुपया नाही, कारण मक्याच्या बियाण्याची आणि खताची उधारी डोक्यावर आहे. आणि हा लॅपटॉप बारावीपर्यंत पुरला पाहिजे. दोन वर्षांनी "आई, हा हँग होतो" ऐकायची माझी तयारी नाही.

मागच्या शनिवारी मी आणि समू सकाळच्या गाडीने जळगावला गेलो होतो, गोलाणी मार्केटला. दोन-तीन दुकानं फिरलो. लेबलवरचं जसंच्या तसं समूने वहीत उतरवून घेतलंय, तेच लिहिते:

पहिला: AMD Ryzen 5 7520U, 8 GB LPDDR5, 512 GB SSD, 15.6 इंची. ३३,५०० सांगितले.

दुसरा: Intel Core i3-1215U, 8 GB DDR4, 512 GB SSD, हाही 15.6. ३६,९००.

तिसरा: AMD Ryzen 5 5500U, 16 GB DDR4, 512 GB SSD, 14 इंची. ४३,५००, ओढाताण केली तर ४२ ला देईल असं वाटतं.

आता माझा गोंधळ. पहिल्यावर ७५२० आणि तिसऱ्यावर ५५००, म्हणजे पहिला नवा आणि भारी असा दुकानदाराचा हिशेब. पण समूने घरी येऊन कंपनीच्या साइटवर पाहिलं तर ७५२० ला ४ कोअर आणि ५५०० ला ६! नंबर मोठा आणि कोअर कमी, हे कसलं गणित? त्या आय थ्रीलासुद्धा ६ दाखवतात, पण त्यातले २ मोठे आणि ४ छोटे असं काहीतरी. कोअरवरून ठरवायचं की नाही, हे मला दोन वाक्यांत सांग. जास्त खोलात शिरू नको, तुझा स्वभाव माहीत आहे मला.

दुसरी गोष्ट रॅमची, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. दुकानात मांडलेल्या पहिल्या लॅपटॉपवर समूने Ctrl+Shift+Esc दाबून टास्क मॅनेजर उघडला (हे तिला कोणी शिकवलं देव जाणे, बहुतेक तूच दिवाळीत). स्क्रीनवर दुसरं काहीच चालू नव्हतं, तरी मेमरीच्या रकान्यात 7.3 पैकी 4.6 जीबी भरलेली! दुकानदाराला म्हटलं, आठ जीबी लिहिलंय आणि इथे सात पॉइंट तीन का? तर म्हणे थोडी ग्राफिक्ससाठी राखून ठेवतात. बरं. पण नुसतं विंडोज चालू असताना निम्म्याहून जास्त जागा गेली, तर ब्राउझर, सरांचा व्हिडिओ आणि ते व्हीएस कोड एकदम उघडल्यावर राहिलं काय? "पुढे वाढवता येईल का?" असं विचारलं. आय थ्रीवाल्यात एक स्लॉट रिकामा आहे म्हणाला, वाढवता येईल. पहिल्याचं विचारलं तर "ताई, आठ भरपूर होते" म्हणून विषय बदलला. समू सांगते की LPDDR म्हणजे रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, नंतर काही करता येत नाही. खरं का? खरं असेल तर तो पहिला माझ्या यादीतून गेला, मग तीन हजार वाचोत की चार.

आणखी एक. तो म्हणाला, रॅमचे भाव चढताहेत, पुढच्या महिन्यात हाच लॅपटॉप महाग मिळेल. कापसाचे व्यापारी नेमके उलटं सांगतात, "आज विका, उद्या भाव पडेल", त्यामुळे असल्या बोलण्यावर माझा विश्वास बसत नाही. पण तू त्या क्षेत्रातला, तुला माहीत असेल. खरोखर वाढणार असतील तर आय थ्री घेऊन नंतर रॅम टाकण्यात अर्थ नाही, आत्ताच १६ चा घेतलेला बरा. माझा कल तसाही तिसऱ्याकडेच आहे. १४ इंची असल्यामुळे वजनालाही हलका, आणि समू क्लासला सायकलवर जाणार, दप्तरासोबत पाठीवर. फक्त एवढंच की तो प्रोसेसर जुना म्हणतात. जुना म्हणजे किती? पाच वर्षं निघतील का?

त्याच्या स्क्रीनचंही सांगते. समोर बसून बघितलं तर छान, बाजूला उभं राहिलं तरी रंग तसेच. पहिल्याच्या बाजूला मी उभी राहिले तर सगळं पांढुरकं, जसं काही धूर बसलाय. तिला तासन्‌तास बारीक अक्षरं वाचायचीत, चष्मा आधीच लागलाय.

आता बाकीच्यांचे सल्ले ऐक. तुझ्या काकांच्या दुकानात रोज येणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी ऑनलाइन १८,९९० चा दाखवला. Celeron N4500, 4 GB, 64 GB eMMC. "लेकरांना काय लागतं, यावर सगळं चालतं." ६४ जीबी तर माझ्या मोबाइललाही कमी पडते, फोटो काढून काढून भरून गेलीये. हे यांना तूच सांग, माझं ऐकत नाहीत.

नाशिकला माझ्या मैत्रिणीच्या दिराकडे कंपन्यांचे वापरलेले लॅपटॉप येतात. ThinkPad T480, i5-8350U, 16 GB, 256 GB, बावीस हजार, सहा महिने वॉरंटी. याच्याकडे माझं मन थोडं ओढलं, खोटं कशाला बोलू, निम्म्यात काम होतं. कीबोर्डही दणकट. विंडोज ११ यावर रीतसर चालतं का, की जुगाड करून टाकलेलं असतं? कारण विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, हे आमच्या पतसंस्थेला आलेल्या पत्रातच होतं, तिथले सगळे कॉम्प्युटर त्यामुळेच बदलायचे चाललेत. बॅटरी मात्र जुनी असणार. आणि इकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, गेली की दोन-दोन तास. इन्व्हर्टरवर आधीच पंखे, फ्रिज आणि सासूबाईंचा टीव्ही. म्हणून नवा असो की जुना, बॅटरीवर खरोखर किती तास चालेल ते बघून सांग. खोक्यावर लिहिलेले दहा तास मी धरत नाहीये.

उन्हाचं तुला वेगळं सांगायला नको. मे महिन्यात वरच्या खोलीत पत्र्याखाली काय होतं ते तू लहानपणी भोगलंयस. दुकानात माहितीपुस्तक चाळलं तर त्यात ३५ अंशांपर्यंत वापरा असं लिहिलेलं. आपल्याकडे ३५ ला लोक स्वेटर शोधतात! खाली पंखे असलेलं स्टँड मिळतं, त्याचा उपयोग होतो का, की नुसता खर्च? होत नसेल तर उन्हाळ्यात तिला खाली कूलरसमोर बसवते. पण कूलरची ओलसर हवा चालेल का, हाही प्रश्न आहेच.

बिलाचं मी ठरवून टाकलंय. बिल नको असेल तर दीड हजार कमी करतो म्हणाला. मी म्हटलं पक्कं बिल, समूच्या नाही तर माझ्या नावाने. उद्या वॉरंटीला गेले तर काय दाखवू? हे म्हणतात कृषी केंद्राच्या नावावर घेऊ, जीएसटी नंबर आहे, १८ टक्के वळते होतील. पोरीच्या अभ्यासाच्या वस्तूला दुकानाचा खर्च दाखवायचा हे मला पटत नाही, आणि त्यांच्या सीएलाही पटणार नाही. यावर तुझं मत नकोय.

सर्व्हिसचं तेवढं बघ. तिसऱ्याला एक वर्ष "ऑनसाइट" आहे, म्हणजे घरी येऊन दुरुस्ती. पण घर म्हणजे अमळनेर धरतात का? आपला पिनकोड ४२५४०१, कंपनीच्या साइटवर टाकून बघ. नाहीतर प्रत्येक वेळी जळगावची गाडी पकडायची म्हणजे माझी एक रजा गेलीच.

घरात सगळ्यांचं अजून एकमत नाही. सासूबाई म्हणाल्या, "इतला पैसा कसाले? पोर काय आतेच नोकरीले चालनी का?" त्यावर यांनी त्यांना विप्रोची गोष्ट ऐकवली. १९४५ साली याच अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून निघालेली कंपनी कॉम्प्युटरमध्ये कुठल्या कुठे गेली, वगैरे. सासूबाई म्हणाल्या, मग तूप कोण करतं आता? पुढे बोलणंच खुंटलं. पण पैसे द्यायला त्यांनी मनाई केलेली नाही, उलट समूला विचारत होत्या की त्यात कीर्तन लागेल का.

तर मला उत्तर असं हवंय: एक नाव. तीन पर्याय आणि त्यांचे फायदे-तोटे पाठवलेस तर घरात पुन्हा तीन पक्ष पडतील. तू म्हणशील तो घेणार, हे यांनी कबूल केलंय, म्हणून म्हणते. माझ्या यादीबाहेरचा असला तरी चालेल, पण जळगावात मिळणारा असावा आणि पंचेचाळीसच्या आत. ऑनलाइन घ्यायचा असेल तर तसं सांग, पण खोकं उघडताना व्हिडिओ वगैरे काढावा लागतो म्हणतात, त्याचीही रीत सांग.

शुक्रवार रात्रीपर्यंत कळव. शनिवारी आम्ही परत जाणार आहोत, या वेळी हेही येतायत. दुकानातून साडेअकराच्या सुमारास व्हिडिओ कॉल करीन. दहा मिनिटं काढ आणि त्या माणसाशी तूच बोल, माझ्याशी तो "ताई, ताई" करून गोल गोल बोलतो. पैसे द्यायच्या आधी चालू करून काय काय तपासायचं तेही तेव्हाच समूला सांग, ती लिहून घेईल.

दादा पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येतोय ना? बामणोदची वांगी आलीत बाजारात, त्याच्यासोबत पाठवते. वहिनीला सांग, पातीचा कांदा तिकडेच घे, प्रवासात सुकतो.

आणि हो, माऊस फुकट देतोय म्हणाला तो. वायरचा मागू की बिनवायरचा?