मुख्य एलटी पॅनेल शटडाउन: लॉकआउट विलगीकरणाची कार्यपद्धती आणि जोखीम मूल्यांकन

कामाचे स्वरूप: चाकण येथील कारखान्याच्या सबस्टेशनमधील ४१५ व्होल्ट मुख्य पॅनेलच्या बसबार जोडांची सफाई, टॉर्क पान्याने आवळणी आणि मेगर चाचणी, रविवारी सकाळी ८ ते दुपारी ४. परवाना विद्युत पर्यवेक्षक देईल आणि काम सुरू करण्याची परवानगीही त्याच्याच सहीने मिळेल.

या पॅनेलला वीज पाच वाटांनी येते: १००० केव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर, डीजी संच, छतावरील सौर इन्व्हर्टर आणि यूपीएसचा बायपास. केवळ इनकमर पाडला म्हणजे पॅनेल मृत झाले, हा समज या कामातील सर्वांत मोठा धोका आहे. स्पेस हीटरचा २४० व्होल्ट पुरवठा प्रकाशयोजनेच्या डीबीतून येतो व तो सहज विसरला जातो, म्हणून तोही यादीत धरला आहे.

कार्यपद्धती: सर्व फीडर बंद करून दोन्ही इनकमर एसीबी व बसकपलर पाडावेत आणि त्यांच्या ट्रॉली बाहेर ओढाव्यात. इनकमरच्या केबलकडील टोके जिवंत राहू नयेत म्हणून ११ केव्ही व्हीसीबीही बाहेर ओढून ट्रान्सफॉर्मरकडील केबल अर्थ करावी. डीजी ‘ऑफ’वर ठेवून बॅटरीची ऋण तार सोडावी, सौर इन्व्हर्टरचा एसी ब्रेकर, यूपीएस बायपास आणि प्रकाशयोजनेच्या डीबीतील स्पेस हीटरचा पुरवठा बंद करावेत. प्रत्येक ठिकाणी कुलूप व टॅग लावून चाव्या सामायिक पेटीत ठेवाव्यात, आणि त्या पेटीला प्रत्येक कामगाराने स्वतःचे कुलूप लावावे. कॅपॅसिटर पॅनेल बंद केल्यावर पाच मिनिटे थांबून, व्होल्टेज शून्य असल्याचे मोजूनच पुढे जावे.

टेस्टर आधी जिवंत स्रोतावर तपासावा, मग फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी दहा मोजमापे घ्यावीत, आणि टेस्टर पुन्हा त्याच स्रोतावर तपासावा. त्यानंतरच बसबारला तात्पुरते अर्थिंग लावावे. मेगरच्या वेळी ते काढावे लागते. तेवढ्या वेळात पॅनेलजवळ केवळ चाचणी घेणारे दोघे असतील आणि चाचणीनंतर बसबार डिस्चार्ज करून अर्थिंग पुन्हा लावले जाईल.

जोखीम (तीव्रता × शक्यता, प्रत्येकी ५ पैकी): उलट पुरवठ्याने झटका बसण्याची जोखीम उपायांपूर्वी ५ × ३ = १५, उपायांनंतर ५ × १ = ५. विजेच्या ठिणगीने भाजण्याची जोखीम ५ × २ = १०; ट्रॉली ओढताना व पहिल्या मोजमापाच्या वेळी चाप-रोधक पोशाख, चेहऱ्याची ढाल आणि इन्सुलेटेड हातमोजे सक्तीचे केल्याने ती ५ होते. पाना बसबारवर राहून जाण्याची जोखीम ४ × ३ = १२ आहे; आत जाताना व बाहेर येताना हत्यारांची मोजणी केल्यास ती ४ वर येते.

पुनःचार्जिंग: हत्यारे व अर्थिंग संच मोजून बाहेर काढल्यानंतर प्रत्येकाने आपले कुलूप स्वतः काढावे. कोणी कुलूप न काढताच निघून गेला असेल, तर त्याच्याशी संपर्क होऊन तो आवारात नसल्याची खात्री पर्यवेक्षकाने लेखी नोंदवल्याशिवाय ते तोडू नये, मग चार वाजून गेले तरी चालेल.